हद्दीलगतचा खांब आणि कम्बाइंड फुटिंग : साइटवरच्या नोंदी

४ डिसेंबर

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या नोंदी कळतील. दोन खांब आहेत, दोघांना मिळून एकच पाया घ्यायचा आहे, म्हणजे कम्बाइंड फुटिंग. क-१ हद्दीकडचा, ३०० × ३०० मिमीचा, त्यावर ६० टन. क-२ आतला, ३०० × ४०० चा, त्यावर ९० टन. मध्यापासून मध्यापर्यंत अंतर ४ मीटर. क-१ ची बाहेरची बाजू हद्दीपासून जेमतेम ७५ मिमी आत आहे, त्यामुळे फुटिंग त्या बाजूला खांबाच्या बाहेर सरकूच शकत नाही. मातीची सुरक्षित धारणक्षमता १८ टन प्रति चौरस मीटर मिळाली आहे.

मालकांचा पहिला प्रश्न हाच, की दोन वेगळी फुटिंग का नकोत. क-१ ला १.९० × १.९५ चं फुटिंग क्षेत्रफळाच्या हिशोबात पुरतं. पण खांब त्याच्या मध्यावर नाही, एका कडेवर उभा आहे. फुटिंगचा मध्य कडेपासून ९५ सेंमी आणि भार कडेपासून १५ सेंमीवर, म्हणजे ८० सेंमीचा तिरपेपणा. इतक्या तिरपेपणाला मागची बाजू मातीवरून उचलते आणि कडेलगतची फक्त ४५ सेंमीची पट्टी टेकलेली राहते. नुसता खांबाचा भार धरला तरी कडेला १३६ टन प्रति चौरस मीटरच्या वर दाब येतो, मातीच्या क्षमतेच्या सातपटीहून जास्त. मालकांना हा आकडा कागदावर करून दाखवला, मग त्यांनी वेगळ्या फुटिंगचा विषय सोडला.

६ डिसेंबर

मॅडमचं, म्हणजे आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचं, ड्रॉइंग आलं. कम्बाइंड फुटिंग, ५.१० × १.९० मीटर, जाडी ८५० मिमी. लांबी कुठून आली ते इथे मांडतो, कारण पुढचा सगळा घोळ याच एका आकड्याभोवती झाला.

दोन्ही भार मिळून १५० टन. त्यांचा एकत्रित मध्यबिंदू क-१ च्या मध्यापासून ९० × ४ ÷ १५० = २.४० मीटरवर. फुटिंगची हद्दीकडची कड क-१ च्या बाहेरच्या बाजूला लावायची, म्हणजे खांबाच्या मध्यापासून १५ सेंमी. तेव्हा कडेपासून भाराचा मध्यबिंदू २.५५ मीटरवर. फुटिंगचा स्वतःचा मध्य नेमका तिथेच यायला हवा, तरच मातीवर दाब सगळीकडे सारखा पडतो. एक कड हद्दीने बांधलेली आहे, म्हणून लांबी निवडायला आपल्या हातात काही उरतच नाही:

लांबी = २ × २.५५ = ५.१० मीटर

आता रुंदी. फुटिंगचं वजन धरून १७०.६ टन होतात, ५.१० × १.९० च्या क्षेत्रफळावर ते १७.६ टन प्रति चौरस मीटर पडतात. बसलं.

९ डिसेंबर

खोदाई. क-२ कडून सुरुवात केली आणि हद्दीकडचं टोक मुद्दाम शेवटी ठेवलं. शेजारच्या भिंतीचा पाया ०.९० मीटरवर संपतो आणि आपला खड्डा १.६० पर्यंत जातो, म्हणजे त्याच्या पायाखालची ७० सेंमी माती उघडी पडते. ती जितका कमी वेळ उघडी राहील तितकं बरं. शेवटच्या मीटरभराला मशीन लावली नाही, माणसं लावली. माती दिसू लागली तशा उभ्या फळ्या आणि आडवे टेकू देत गेलो. शेजारच्या भिंतीला आधीच एक बारीक तिरपी भेग होती. तिच्यावर प्लास्टरचा ठिपका मारून तारीख घातली आणि शेजाऱ्यांच्या समोर फोटो काढला. हे खोदाईच्या आधी करायचं, नंतर नाही.

१० डिसेंबर

सकाळीच पीसीसी, म्हणजे फुटिंगखालचा साध्या काँक्रीटचा थर. १०० मिमी जाडी, तीन बाजूंना १०० मिमी बाहेर, हद्दीकडे फुटिंगच्या कडेइतकीच. फिटरने २० मिमीच्या सळ्या कापायला घेतल्या: दहा सळ्या, प्रत्येकी ६.२० मीटर, दोन्ही टोकांना ६० सेंमीचा खाली वळवलेला पाय. एका टोकाचे पाय आज वळवून झाले.

१२ डिसेंबर

मालकांनी वरची पाण्याची टाकी जिन्यावरून उचलून हद्दीच्या कोपऱ्यात न्यायचं ठरवलं. ५ टन पाणी, टाकीच्या भिंती आणि स्लॅब धरून क-१ वर ९ टन वाढले. ६० चे ६९ झाले. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "काम थांबवा, काँक्रीट अजून पडलं नाही हे नशीब."

साइटवर सगळ्यांची समजूत अशी, की नऊच टन वाढले, फुटिंग थोडं लांबवू, म्हणजे झालं. मिस्त्रींनी तर क-२ च्या पलीकडे आणखी अर्धा मीटर खोदायला माणूसही पाठवला होता. दुपारी सुधारित आकडे आले तेव्हा फुटिंग लांब होण्याऐवजी आखूड झालं होतं: ४.८५ मीटर.

मिस्त्रींचा यावर विश्वास बसेना. हिशोब पुन्हा मांडून दाखवला. एकूण भार आता १५९ टन. भाराचा मध्यबिंदू क-१ पासून ९० × ४ ÷ १५९ = २.२६ मीटर, कडेपासून २.४१. वाढीव भार हद्दीकडे आला, म्हणून मध्यबिंदूही हद्दीकडे सरकला. हद्दीकडची कड हलत नाही, त्यामुळे दुसरं टोक मागे घ्यावं लागतं: २ × २.४१ = ४.८२, मॅडमनी सोयीसाठी ४.८५ धरलं. जे क्षेत्रफळ कमी झालं आणि जे नऊ टनांसाठी वाढवायचं ते दोन्ही रुंदीतून काढलं. १.९० ची रुंदी २.१० झाली.

१३ डिसेंबर

काल रात्री मिस्त्रींचं म्हणणं डोक्यात घोळत होतं: "साहेब, रुंदी वाढवा, पण लांबी ५.१० च राहू द्या. पीसीसी झालीच आहे. जास्त काँक्रीट पडलं तर कुणाचं काय जातं?" ऐकायला बरोबर वाटतं, आणि बऱ्याच साइटवर असंच करून मोकळे होतात. म्हणून तिन्ही पर्याय करून पाहिले. फुटिंग वाकत नाही, कडक आहे आणि दाब सरळ रेषेत बदलतो असं धरून हद्दीकडच्या कडेचा दाब काढला, फुटिंगचं वजन धरून:

- जुनंच फुटिंग, ५.१० × १.९०: कडेला २१.२ टन, दुसऱ्या टोकाला १५.९.
- लांबी तीच, रुंदी वाढवून, ५.१० × २.१०: कडेला १९.३ टन.
- सुधारित, ४.८५ × २.१०: कडेला १७.९५ टन.

मर्यादा १८ ची. मधला पर्याय तिसऱ्यापेक्षा चांगला अर्धा चौरस मीटर मोठा आहे आणि तरीही नापास होतो. क-२ च्या पलीकडे जे जास्तीचे २५ सेंमी आहेत ते फुटिंगचा मध्य भाराच्या मध्यापासून १४ सेंमी दूर नेतात. मग दाब सारखा राहत नाही, हद्दीकडे वाढतो आणि दुसऱ्या टोकाला घटतो. म्हणजे फुटिंग कलायचं झालं तर शेजाऱ्याच्या भिंतीकडेच कलणार. मिस्त्रींनी आकडे बघितले, पीसीसीवर पाय आपटून म्हणाले, "म्हणजे हे पंचवीस सेंमी मोकळंच ठेवायचं?" हो, मोकळंच. पीसीसी आहे तिथे राहील, फुटिंगचं काँक्रीट तिच्यावर चढता कामा नये.

हे कुठपर्यंत चालतं तेही विचारून घेतलं. क-१ चा भार जसजसा वाढेल तशी लांबी आखडत जाईल आणि एका क्षणी फुटिंगचं टोक क-२ च्या बाहेरच्या बाजूला येऊन टेकेल. आमच्या मापांत ते क-१ वर साधारण ८८ टन आल्यावर होतं. त्यापुढे आयत चालत नाही, हद्दीकडे रुंद आणि आत अरुंद असा समलंब आकार घ्यावा लागतो. आणि खांबांमधलं अंतर खूप जास्त असेल तर मधलं सगळं काँक्रीट वाया जातं, तिथे दोन फुटिंग आणि त्यांना जोडणारा स्ट्रॅप बीम बरा पडतो.

१५ डिसेंबर

रुंदीसाठी दोन्ही बाजूंना १०० मिमी पीसीसी वाढवली. त्यासाठी खड्ड्याच्या दोन्ही लांब कडा पुन्हा छाटाव्या लागल्या, आणि हद्दीजवळचे टेकू काढून परत बसवणं हे त्यातलं सर्वांत वेळखाऊ काम ठरलं. टाकीचा निर्णय खोदाईच्या आधी झाला असता तर हे सगळं टळलं असतं. सळ्या मात्र वाचल्या: दुसऱ्या टोकाचे पाय अजून वळवले नव्हते, म्हणून प्रत्येक सळई २५ सेंमी कापून तीच वापरता आली. दहाच्या आता बारा झाल्या, दोन नव्या घेतल्या.

शेजारच्या भिंतीवरचा ठिपका तपासला. तडा नाही.

१७ डिसेंबर

सळई बांधणी. फिटर अनुभवी आहे, पण त्याचा अनुभव एकेकट्या फुटिंगचा. तिथे मुख्य सळई खाली असते. मी आलो तेव्हा त्याने २० मिमीच्या बाराही सळ्या तळाला मांडायला घेतल्या होत्या.

कम्बाइंड फुटिंगमध्ये दोन खांबांच्या मधला भाग उलट वाकतो. माती खालून वर ढकलते, दोन्ही खांब वरून धरून ठेवतात, म्हणून मधला पट्टा वर फुगायला बघतो आणि ताण वरच्या बाजूला येतो. बीम उलटा टांगला तर जसं होईल तसं. दीडपट भार धरून आमच्या फुटिंगमध्ये वरच्या बाजूचा सर्वांत मोठा मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, सुमारे ९३ टन-मीटर येतो, हद्दीकडच्या कडेपासून २.१ मीटरवर. तळाला ताण येतो तो क-२ च्या पलीकडच्या छोट्या बाहेर आलेल्या भागात, आणि तिथे खांबाच्या कडेशी मोमेंट फक्त ६ टन-मीटर आहे. पंधरा पटीचा फरक. बाराही सळ्या तळाला गेल्या असत्या तर जिथे ताण आहे तिथे काहीच नसतं, आणि वरून काँक्रीट झाकल्यावर हे कुणाला दिसलंही नसतं.

फिटरला हे तोंडी पटेना. मग एक लांब पातळ फळी दोन विटांखाली, म्हणजे विटा वरून दाबून, मधून हाताने वर ढकलून दाखवली. फळी वर वाकली तसा तो म्हणाला, "मग तर वरूनच फाटणार." बाराही सळ्या उचलून बाजूला ठेवल्या. तळाला १२ मिमीची जाळी, त्यात रुंदीच्या दिशेच्या सळ्या दोन्ही खांबांखाली दाट. वर २० मिमीच्या बारा, १८० मिमी अंतरावर.

रिंगा का नाहीत असं तो विचारत होता. जाडी ८५० घेतली ती मोमेंटसाठी नाही, शिअरसाठी, म्हणजे खांबाजवळ काँक्रीट कातरलं जाऊ नये म्हणून. ७०० मध्ये मोमेंट सहज बसतो, पण क-२ च्या आतल्या बाजूला शिअर बसत नाही आणि पूर्ण रुंदीत रिंगा बांधाव्या लागतात. त्या बांधणीच्या कटकटीपेक्षा १५० मिमी काँक्रीट वाढवणं मॅडमना सोपं वाटलं, मलाही.

१८ डिसेंबर

आजचा दिवस क-१ च्या एका चौरस फुटात गेला. वरच्या सळ्यांना हद्दीकडे सरळ पुढे जायला जागाच नाही. खांबाच्या आतल्या बाजूपासून कडेपर्यंत ३० सेंमी, आणि २० मिमीच्या सळईला सरळ पकड मिळायला जवळपास ९७ सेंमी लागतात. म्हणूनच टोकाला खाली वळवलेला पाय आहे. तो पाय कडेपासून ५० मिमी कव्हर सोडून उतरतो, आणि खांबाच्या बाहेरच्या रांगेतल्या उभ्या सळ्याही जवळपास त्याच रेषेत उभ्या आहेत. दोन सळ्या नेमक्या खांबाच्या रुंदीत येत होत्या आणि उभ्या सळईवर आदळत होत्या.

फिटरचा उपाय म्हणजे पाय कापून टाकायचा. नाही म्हटलं. अंतर थोडं बदलून त्या दोन्ही सळ्या खांबाच्या उभ्या सळ्यांच्या मधल्या फटीतून नेल्या, आणि त्यांचे पाय उभ्या सळ्यांच्या मागून, आतल्या बाजूने उतरवले.

पण दोन्ही टोकांना पाय असलेली सळई खांबाच्या पिंजऱ्यातून आडवी सरकवता येत नाही, ती वरूनच खाली सोडावी लागते. आणि खांबाच्या रिंगा फुटिंगच्या वर मीटरभर आधीच बांधून झाल्या होत्या. त्या सगळ्या रिंगा काढल्या, सळ्या वरून खाली सोडल्या, मग रिंगा पुन्हा बांधल्या. क्रम असा हवा: तळाची जाळी, मग खांबाच्या उभ्या सळ्या फुटिंगच्या आतल्या दोन-तीन रिंगांसह, मग वरची जाळी, आणि वरच्या रिंगा त्यानंतर.

१९ डिसेंबर

वरची जाळी चेअरवर, म्हणजे सळई वाकवून केलेल्या टेकूंवर, उभी आहे. फिटरने १० मिमीच्या चेअर केल्या होत्या. दोन माणसं जाळीवर चढली आणि मधला भाग दिसेल इतका खाली बसला. शटरिंगच्या दोन कडांवर दोरी ताणून टेपने मोजलं: सळईच्या वर ५० मिमी हवं होतं, मध्ये ९० होतं. ४० मिमी खाली बसणं म्हणजे आमच्या ७९० मिमीच्या प्रभावी खोलीतले ५ टक्के गेले, आणि तेही नेमके मोमेंट सर्वांत जास्त असतो तिथे. १६ मिमीच्या सळईच्या नव्या चेअर केल्या, दोन्ही दिशांना मीटरभर अंतरावर, आणि तळाशी आडवा पाय ठेवून जाळीला बांधल्या. पुन्हा माणसं चढवून मोजलं, आता ५० ते ५५. हे मोजमाप काँक्रीटच्या दिवशी नाही, आदल्या दिवशी करावं. काँक्रीटची गाडी उभी असताना कुणी चेअर बदलत नाही.

हद्दीकडच्या बाजूला शटरिंग लावून काढायला जागा नाही. ७५ मिमीत ठोकायला हातही जात नाही. तिथे सिमेंटचा बोर्ड उभा केला, तो आत कायमचा राहणार. बोर्ड आणि माती यांच्यातली पोकळी आधी थरांनी भरून घेतली, नाहीतर ओल्या काँक्रीटच्या दाबाने बोर्ड बाहेर फुगून हद्दीत शिरला असता. लांबीच्या दुसऱ्या टोकाला ४.८५ वर फळी ठोकली आणि तिच्या मागे पीसीसीवर लाल रंगाची रेघ मारून ठेवली, कुणी रात्री "थोडं मागे" घेऊ नये म्हणून.

२० डिसेंबर

काँक्रीट, एम २५, हिशोबाने ८.६६ घनमीटर. ३० सेंमीच्या थरांनी, मध्ये न थांबता. क-१ च्या पायथ्याशी सळ्यांची गर्दी आहे, तिथे बारीक सुईचा व्हायब्रेटर वापरला आणि तिथला थर इतर ठिकाणांपेक्षा हळू भरला. बोर्ड हलला नाही. वरचा भाग घट्ट होऊ लागल्यावर पृष्ठभागावर पोती टाकली.

३ जानेवारी

पाणी मारणं बंद केलं. शटरिंग आधीच निघालं आहे. क-२ कडचं टोक फळीच्या बाजूने नीट दिसतं, मधमाशीच्या पोळ्यासारखं कुठेही नाही. हद्दीकडची बाजू बोर्डमागे आहे, ती दिसणार नाही.

दोन्ही खांबांवर जोत्याच्या थोडं वर एकेक खिळा ठोकून लेव्हल घेतली आणि वहीत लिहिली. पुढच्या लेव्हल पहिला स्लॅब पडल्यावर आणि मग टाकी भरल्यावर घ्यायच्या. एकूण किती बसलं यापेक्षा क-१ आणि क-२ यांच्यातला फरक वाढतो का ते बघायचं आहे. क-१ जास्त बसत गेला तर फुटिंग हद्दीकडे कलतंय असा त्याचा अर्थ.

११ मार्च

पहिला स्लॅब झाला. दोन्ही खिळ्यांची लेव्हल घेतली. क-१ तीन मिमी बसला, क-२ सुद्धा तीनच मिमी. शेजारच्या भिंतीवरचा ठिपका अखंड आहे. टाकी अजून बांधायची आहे.